रात्री नऊची भूक

ऑफिसात साहेबांशी खटका उडाला की त्या क्षणी कुणालाही वडापाव आठवत नाही. तोंड कोरडं पडतं, पोटात गोळा येतो, समोरचा डबाही नकोसा होतो. हे काम अ‍ॅड्रेनलिनचं. खावंसं वाटतं ते नंतर, घरी येऊन पाय पसरले की. वाद दुपारी झालेला असतो आणि फरसाणाचा डबा उघडतो रात्री नऊला. त्यामुळे या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

अ‍ॅड्रेनलिन झटक्यात येतं आणि काही मिनिटांत ओसरतं. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून येणारं कॉर्टिसॉल सावकाश चढतं आणि जास्त वेळ रेंगाळतं. रक्तातली साखर वाढवणं आणि खर्च झालेली शक्ती भरून काढायला लावणं हे त्याचं काम. जंगलात पळून जीव वाचवलेल्या माणसाला त्याचा उपयोग होता. खुर्चीत बसून ईमेल वाचणाऱ्याची शक्ती फारशी खर्च झालेलीच नसते, तरी भरपाईची मागणी येतेच, आणि ती बहुधा गोड किंवा तळलेल्याची असते.

सगळ्यांचं असं होत नाही. काहींची भूक ताणात मरते. एलिसा एपल आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही स्त्रियांना एके दिवशी अवघड, ताण देणारी कामं दिली आणि नंतर खाऊ समोर ठेवला. ज्यांचं कॉर्टिसॉल जास्त चढलं होतं, त्यांनी त्या दिवशी इतरांपेक्षा जास्त खाल्लं. ताण नसलेल्या दिवशी मात्र दोन्ही गट साधारण सारखंच खात होते. म्हणून रात्री डबा उघडणाऱ्याला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग ताबा कुठे ठेवायचा? मला सर्वांत उपयोगी वाटतं ते डेव्हिड नील आणि वेंडी वूड यांचं 2013 चं काम. परीक्षेच्या आठवड्यांत मनाची ताकद संपलेले विद्यार्थी काय खातात, हे त्यांनी पाहिलं. थकलेले विद्यार्थी आपापल्या सवयीकडे अधिकच झुकले. ज्यांचा नाश्ता गोडाधोडाचा होता ते तिकडे गेले, पण ज्यांची सवय चांगली होती त्यांनी तीही जास्त नेमाने पाळली. ताणात माणूस विचार करत नाही, अंगवळणी पडलेलं करतो. त्यामुळे त्या वेळी काय करायचं ते आधीच, शांत दिवसांत अंगवळणी पाडावं लागतं.

समजा, ठाण्यात राहणारी आणि बीकेसीत नोकरी करणारी एक बाई आहे. डबा दीडला, घरी पोचायला पावणेनऊ. मधल्या सात तासांत फक्त चहा. घरी आल्यावर कुकर होईपर्यंत वाटीभर फरसाण जातं. पन्नास ग्रॅम धरलं तरी अडीचशेच्या वर कॅलरी, म्हणजे सकाळच्या पाऊण तासाच्या चालण्यात खर्च होतात साधारण तेवढ्या. वजन हलत नाही म्हणून ती चालणं वाढवते, त्यासाठी पहाटे लवकर उठते, झोप घटते. अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, एरवी खाली यायच्या वेळी, कॉर्टिसॉल चढलेलं राहतं, भूकही वाढते. इथेच गाडी अडते.

तिने चालण्याला हात लावू नये. साडेपाचच्या चहाला मूठभर फुटाणे जोडावेत. चहा रोज होतोच, म्हणून आठवण वेगळी ठेवावी लागत नाही. घरी आल्यावर आधी हातपाय धुऊन थेट ताटावर बसावं. त्यासाठी भाजी सकाळीच झालेली हवी, आणि ते घरातल्या इतरांनी वाटून घेतलं तरच टिकतं. झोपायची वेळ ठरलेली असावी. मीटिंग लांबली तर फुटाणे पर्समध्ये असावेत. आणि डब्याकडे हात गेलाच, तर स्वतःला विचारावं, आत्ता पोळीभाजी चालेल का? चालत असेल तर ती पोटाची भूक आहे, जेवावं. फक्त फरसाणच हवं असेल तर ती बहुधा दिवसभराच्या ताणाची आहे.

हे बसायला वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या 2010 च्या अभ्यासात नवी सवय आपोआप होऊ लागायला मध्यक 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला 254. त्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्याने घडी मोडली नाही. गणपतीत मोदक खाल्ले म्हणून सगळं सोडून देणाऱ्यांसाठी मी हे मुद्दाम सांगते.

‘कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या’ पुड्यांवर मात्र पैसे घालवू नका. हे संप्रेरक सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. कुठल्याही वेळी केलेल्या एका रक्ततपासणीवरून ताण मोजता येत नाही. चेहरा गोल होत जाणं, पोटावर रुंद जांभळे पट्टे, सहज काळंनिळं पडणं, दंड-मांड्यांतली ताकद जाणं अशी लक्षणं एकत्र दिसली तर तो कुशिंगचा आजार असू शकतो. तिथे फुटाणे कामाचे नाहीत, डॉक्टरच गाठावा. दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हा त्रास होतो. त्यांनी गोळ्या मनाने बंद करू नयेत, कारण एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं.