थीसिसमधलं एक प्रकरण बदलायचंय, समितीला पत्र कसं लिहाल?

या भागात माझी मावसबहीण होती. ती भूजलावर पीएचडी करतेय. ताईने नाव घेऊ नको म्हणून बजावलंय, त्यामुळे इथेही ती नुसती 'ताई'च. बोलताना आम्ही भरपूर भरकटलो होतो, ते कापून कामाचं तेवढं लिहिलंय.

तर झालं असं. ताईच्या थीसिसचं चौथं प्रकरण होतं ६१ पानांचं. पावसाचं किती पाणी जमिनीत मुरतं, हे तिने ४२ विहिरींच्या पाणीपातळीवरून काढलं होतं. त्याच कामावर तिचा १६ पानांचा पेपर एका जर्नलमध्ये छापून आला. तिला वाटलं, आता ६१ पानं पुन्हा घासत बसण्यापेक्षा पेपरच चौथं प्रकरण म्हणून लावू. बऱ्याच विद्यापीठांत हे चालतं, पण संशोधन सल्लागार समितीची, म्हणजे आरएसीची परवानगी लागते.

तिने पाच ओळींचं पत्र लिहिलं. पेपर छापून आलाय, सोबत जोडलाय, चौथ्या प्रकरणाच्या जागी घ्यायची परवानगी मिळावी, ही विनंती. पत्र परत आलं. वर पेनने एकच प्रश्न होता: "उरलेली ४५ पानं कुठे गेली?"

मला हसू आलं, कारण हे आमच्या ऑफिसमध्ये रोज होतं. कोणीतरी दोन हजार ओळी उडवून त्या जागी पाचशे टाकतो आणि पुल रिक्वेस्टमध्ये लिहितो, 'कोड साफ केला'. रिव्ह्यू करणारा विचारणारच ना, बाबा रे, काय काढलंस, काय हलवलंस आणि त्यावर अवलंबून काय होतं? समितीही तेच विचारत होती. त्यांनी ६१ पानांचा आराखडा मंजूर केला होता. आता समोर १६ पानं आली, तर मधलं काम गाळलं की हलवलं हे त्यांना कसं कळणार?

मग आम्ही एका रविवारी बसून एक साधा तक्ता केला. डावीकडे जुन्या प्रकरणाचा प्रत्येक विभाग, उजवीकडे त्याची नवी जागा. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा दुसऱ्या प्रकरणात. परिसराचा नकाशा आणि खडकाची माहिती तिसऱ्यात. सगळ्या विहिरींच्या नोंदी परिशिष्टात. एक पद्धत वापरून पाहिली होती आणि ती फसली होती, तो भाग पेपरमध्ये नव्हताच. तो काढून टाकायचा तिचा विचार होता. मी म्हटलं, "ताई, हा तर ठेवच." तोही परिशिष्टात गेला.

तक्ता करतानाच खरी गोम सापडली. पेपर तपासणाऱ्यांनी आक्षेप घेतला होता की १३ विहिरी कालव्याच्या जवळ आहेत. तिथली पातळी पावसाने वाढली की कालव्याच्या झिरप्याने, हे सांगता येत नाही. म्हणून पेपरमध्ये तिने त्या १३ वगळून २९ विहिरी घेतल्या होत्या. साहजिकच सरासरी बदलली. आणि पाचव्या प्रकरणातलं मॉडेल? ते अजून जुन्या, ४२ विहिरींच्या सरासरीवर चाललं होतं!

म्हणजे चौथं प्रकरण गुपचूप बदललं असतं, तर एकाच थीसिसमध्ये एकाच गोष्टीची दोन उत्तरं राहिली असती. ताई गप्पच झाली. मॉडेल पुन्हा चालवायचं म्हणजे तीन आठवडे, आणि सबमिशनची तारीख तोंडावर. "पत्रात लिहू नको का हे?" असं तिने मला विचारलं, आणि मीही क्षणभर 'नको' म्हणणार होतो. शेवटी गाइड मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "हेच तर पत्राचं कारण आहे." वेळ वाचतो म्हणून पेपर लावायचा, हे कारण समितीला पटत नाही. पण 'पेपरमधलं उत्तर सुधारलेलं आहे, जुन्या प्रकरणातलं आता बरोबर नाही' हे पटतं.

दुसरं पत्र दीड पानाचं झालं. मूळ इंग्रजीत होतं, त्याचा गाभा मराठीत असा:

"चौथ्या प्रकरणाच्या जागी सोबतचा प्रकाशित शोधनिबंध घेण्यास परवानगी मिळावी. निबंधात कालव्यालगतच्या १३ विहिरी वगळल्या आहेत, त्यामुळे सरासरी पुनर्भरण बदलले आहे. पाचव्या प्रकरणातील मॉडेल नव्या सरासरीवर पुन्हा चालवीत आहे. त्यास तीन आठवडे लागतील. जुन्या प्रकरणातील प्रत्येक विभाग आता कोठे आहे, हे सोबतच्या तक्त्यात दिले आहे."

त्याखाली कोणी काय केलं ते. पेपरवर तीन नावं आहेत. मोजमापं, आकडेमोड आणि पहिला मसुदा ताईचा, विहिरींच्या जुन्या नोंदी दुसऱ्या लेखकाने मिळवलेल्या, मार्गदर्शन मॅडमचं. दोघांच्या सहीची संमती सोबत जोडली. हे नसेल तर परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतो, कारण थीसिस एकटीच्या नावावर असतो.

प्रकाशकाचं काय, हे मी मुद्दाम विचारलं. यात सरसकट नियम नाही. एल्सेव्हियर लेखकाला स्वतःचा पेपर थीसिसमध्ये घालू देतं. आयईईईचा पेपर असेल, तर ऑनलाइन जाणाऱ्या थीसिसमध्ये स्वीकारलेली प्रत चालते, त्यांनी छापलेली पीडीएफ नाही. म्हणून कोणती प्रत लावणार, हे पत्रातच लिहायचं. साम्य तपासणीचंही तसंच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण स्वतःचाच अख्खा पेपर आत असेल तर सॉफ्टवेअर त्याच्या कितीतरी वर आकडा दाखवणार. ते साम्य कुठून आलंय, हे ताईने आधीच सांगून ठेवलं.

एक बारीक पण छळणारी गोष्ट राहिली. पेपरमध्ये सूत्र आहे:

```
R = Sy × Δh
```

इथे R म्हणजे मुरलेलं पाणी, Δh म्हणजे पातळीतली वाढ आणि Sy म्हणजे खडक किती पाणी सोडू शकतो ते प्रमाण. पातळी ३ मीटर चढली आणि Sy ०.०२ असेल, तर ६० मिलिमीटर पाणी मुरलं. पण तिच्या पाचव्या प्रकरणात R म्हणजे पाऊस! वेगळे छापले असते तर कोणाला कळलंही नसतं. एका जिल्दीत आले की वाचणाऱ्याचा गोंधळ ठरलेला. पेपर छापून झालाय, त्यातलं अक्षर बदलता येत नाही. म्हणून पाचव्यातला पाऊस P झाला, आणि पेपरच्या आधी दोन पानं जोडली. तिसऱ्या प्रकरणातून इथे का आलो, चिन्हं कोणती आणि पुढे यातला कोणता आकडा वापरणार, एवढंच त्यात आहे.

मी विचारलं, परीक्षकाने पेपरमध्येच चूक काढली तर? ताई म्हणाली, "अरे, हे तर समितीनेही विचारलं असतं, म्हणून आधीच लिहिलं." प्रकाशित मजकुराला हात लावणार नाही, दुरुस्ती प्रकरणाच्या शेवटी वेगळ्या टिपणात देणार, असं वाक्य पत्रात आहे.

नऊ दिवसांनी परवानगी आली, एका अटीसह. वगळलेल्या १३ विहिरींच्या नोंदीही परिशिष्टात हव्यात, आणि प्रत्येकीपुढे कालव्यापासूनचं अंतर लिहायचं. ताई सध्या तेच मोजतेय.