आस्कंदाची मुळी, झोप आणि सावधगिरी

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत, आटपाडी, कवठे महांकाळ या अवर्षणप्रवण तालुक्यांत आणि साताऱ्याच्या माण-खटाव भागात पडीक रानात, बांधाच्या कडेला व गावठाणाच्या उकिरड्यालगत कमरेएवढे एक झुडूप आढळते. त्याच्या पानांवर राखट लव असते, फुले हिरवट-पिवळी व लहान असतात आणि कागदासारख्या पातळ आवरणात वाटाण्याएवढे तांबडे फळ धरते. ग्रामीण भागात यास आस्कंद किंवा ढोरगुंज म्हणतात. ओल्या मुळीस घोड्यासारखा उग्र वास येतो म्हणून ग्रंथांतरी तिला अश्वगंधा हे नाव पडले, तर पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी तिच्या नावास ‘सोम्निफेरा’, म्हणजे झोप आणणारी, असे पद जोडले. पिढ्यान्‌पिढ्या या मुळीचे चूर्ण रात्री दुधातून घेतले जात आहे. अलीकडे मात्र ती कॅप्सूलच्या रूपाने तालुक्याच्या औषध दुकानांतून विकली जाऊ लागली असून ताण व निद्रानाश यांवरील उपाय म्हणून तिचा बराच बोलबाला आहे. त्या बोलबाल्यामागे प्रत्यक्ष पुरावा किती आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या दृष्टीने महाराष्ट्रातीलच एक चाचणी उद्बोधक आहे. नवी मुंबई येथील डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधक व त्यांचे सहकारी यांनी ती केली व तिचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. निद्रानाशाचा त्रास असलेल्या 60 व्यक्ती तीत निवडण्यात आल्या. त्यांपैकी 40 जणांना अश्वगंधेच्या मुळीच्या अर्काची 300 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा देण्यात आली, तर 20 जणांना तशीच दिसणारी परंतु औषध नसलेली कॅप्सूल मिळाली. कोणास काय दिले आहे, हे रुग्णास किंवा तपासणाऱ्यास ठाऊक नव्हते. हा क्रम दहा आठवडे चालला. झोप मोजण्यासाठी केवळ रुग्णाच्या सांगण्यावर न विसंबता, मनगटावर घड्याळासारखे बांधावयाचे व हालचाल नोंदवणारे यंत्रही वापरण्यात आले.

अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा अश्वगंधा घेणाऱ्यांत शेकडा 75.6 वरून 83.5 वर गेला. हा आकडा पाहून कोणासही समाधान वाटेल. परंतु औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांतही तो 75.1 वरून 79.7 पर्यंत वाढला, हे ध्यानात घेतले पाहिजे. रात्री आठ तास अंथरुणात घालवणाऱ्या माणसाचा हिशेब मांडला, तर पहिल्या गटात झोप सुमारे 38 मिनिटांनी वाढली आणि दुसऱ्या गटात सुमारे 22 मिनिटांनी. म्हणजे मुळीच्या पदरात टाकता येण्याजोगा फरक उरतो तो सुमारे सोळा मिनिटांचा. दहा आठवड्यांनंतर झोप लागण्यास एका गटात 29 तर दुसऱ्यात 34 मिनिटे लागत होती, म्हणजे तेथेही अंतर पाचच मिनिटांचे आहे. लाभ खरा आहे, पण तो बेताचा आहे. जाहिरातींत ज्या गाढ झोपेचे चित्र रंगवले जाते, ते या आकड्यांत सापडत नाही.

2021 साली अशा पाच चाचण्यांतील मिळून 400 व्यक्तींच्या निष्कर्षांचा एकत्रित विचार करण्यात आला, तेव्हाही परिणाम लहानच परंतु निश्चित असल्याचे दिसले. ज्यांना निद्रानाशाचा विकार होता, ज्यांनी दिवसाला 600 मिलिग्रॅम वा अधिक अर्क घेतला आणि तो किमान आठ आठवडे चालू ठेवला, त्यांना तो अधिक जाणवला. चार दिवस घेऊन ‘गुण आला नाही’ म्हणणे किंवा एका रात्रीत ‘गुण आला’ म्हणणे, ही दोन्ही मते म्हणूनच घाईची ठरतात.

ताणाबाबतचे निष्कर्ष वरवर अधिक भरघोस आहेत. हैदराबाद येथील 64 व्यक्तींच्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 60 दिवसांनंतर प्रश्नावलीवरील ताणाचे गुण अर्क घेणाऱ्यांत शेकडा 44 ने उतरले, तर दुसऱ्या गटात केवळ साडेपाचने. रक्तातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाणही पहिल्या गटात अधिक घटले. तथापि या विषयावरील चाचण्या बहुधा लहान व दोन-तीन महिन्यांच्याच आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच चाचण्यांना अर्क पुरवला तो उत्पादकांनीच. वर्षानुवर्षे घेतल्यास काय होते, हे त्यांवरून सांगता येत नाही.

येथे एका नेहमीच्या गैरसमजाचा उल्लेख करावयास हवा. 600 मिलिग्रॅम अर्क म्हणजे 600 मिलिग्रॅम चूर्ण नव्हे. चाचण्यांत वापरलेल्या एका परिचित अर्कात विथॅनोलाइड नावाची द्रव्ये शेकडा पाच इतकी असतात, तर साध्या मुळीत ती सामान्यतः शेकडा एकाहूनही कमी असतात. आयुर्वेदीय औषधकोशात मुळीच्या चूर्णाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम दिलेली आहे. यास्तव अर्काची कॅप्सूल चालू असताना त्यावर चमचाभर चूर्णही घेणे म्हणजे दुहेरी मात्रा होय. मुळीऐवजी पानांचा वापर करू नये, असे आयुष मंत्रालयाने 2021 साली उत्पादकांना कळवले आहे. सुजेवर पानांचा लेप लावणे निराळे आणि पाने पोटात घेणे निराळे.

कोणी ही औषधी टाळावी, हा प्रश्न लाभाच्या प्रश्नाहून अधिक निकडीचा आहे. समजा, एखाद्या शिक्षिकेस थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंद झाल्याने रोज थायरॉक्सिनची गोळी चालू आहे. झोप लागत नाही म्हणून तिने शेजारणीच्या सांगण्यावरून अश्वगंधा सुरू केली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या 50 व्यक्तींच्या चाचणीत आठ आठवडे 600 मिलिग्रॅम अर्क घेतल्यावर थायरॉइडची संप्रेरके वाढल्याचे आढळले आहे. गोळी आणि मुळी यांचा परिणाम एकत्र होऊन या बाईंना छातीत धडधड, हातास कंप, वजनात घट आणि आणखी निद्रानाश, असा त्रास होऊ शकतो. झोप येत नाही म्हणून त्या मात्रा वाढवू लागल्या, तर रोग आणि उपाय एकमेकांस खतपाणी घालतील. अशा वेळी औषध थांबवून थायरॉइडची रक्ततपासणी करणे, हाच मार्ग होय.

यकृताच्या बाबतीत धोका विरळ, पण गंभीर आहे. 2023 साली भारतातील डॉक्टरांनी केवळ अश्वगंधाच असलेली औषधे घेऊन यकृतास इजा झालेल्या आठ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी पाच जणांना यकृताचा जुना विकार आधीपासूनच होता आणि तिघे दगावले. अशी इजा बहुधा औषध सुरू केल्यापासून दोन ते बारा आठवड्यांत दिसते. अंगास खाज सुटणे, लघवी गडद होणे व डोळे पिवळे दिसणे ही तिची चिन्हे आहेत. कावीळ म्हणून गावठी उपचार करीत बसण्यापूर्वी, गेल्या तीन महिन्यांत आपण कोणते चूर्ण वा कॅप्सूल घेतले, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस सांगावे. ‘ते काही औषध नव्हे’ म्हणून रुग्ण नेमकी हीच गोष्ट सांगावयाची राहून जातात.

गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ही औषधी घेऊ नये. संधिवातासारख्या स्वप्रतिकारक विकारांचे रुग्ण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे आणि पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे रुग्ण यांनीही ती टाळावी. मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणाम तिने वाढण्याची शक्यता असते, तर झोपेच्या व फिट्सच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढू शकते. शस्त्रक्रिया ठरली असल्यास, आपण ही औषधी घेत असल्याचे भूल देणाऱ्या डॉक्टरांस आगाऊ कळवावे. ज्यांना यांपैकी काहीही नाही, त्यांनीही वैद्याच्या सल्ल्याने घेतल्यास तीन महिन्यांनंतर ती बंद करून झोप कशी लागते ते पाहावे, कारण चाचण्यांची साक्ष बहुतांशी तेथवरच पोहोचते.