अल्बममध्ये नसलेली शाळा

सुवर्णमहोत्सवाची समिती बसली की इतिहासाच्या फिल्मचा विषय निघतोच. कार्यालयातलं कपाट उघडतं, अल्बम बाहेर येतात, माजी विद्यार्थ्यांकडूनही फोटो येऊ लागतात. ते वर्षवार लावले आणि मागे निवेदन जोडलं की झाली फिल्म, असं वाटतं. पण सगळे फोटो समोर पसरले की एक गोष्ट लक्षात येते. ध्वजवंदन, स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ, पाहुण्यांचा सत्कार, दहावीचा निरोप, एवढंच त्यांत असतं. तेव्हा फोटोग्राफरला बोलवावं लागे, रीळ जपून वापरावा लागे. गणिताच्या तासाचा किंवा गळक्या वर्गाचा फोटो कोण काढणार? अल्बममध्ये सणाची शाळा सापडते, रोजची सापडत नाही. संहिता लिहिणाऱ्याला ही रोजची शाळा मुलाखतींतून मिळवायची असते.

समजा, जून १९७५ मध्ये तालुक्याच्या गावी आठवीच्या एका वर्गानं शाळा सुरू झाली. अर्धवट बांधलेल्या भिंतीपुढे रांगेत उभी असलेली मुलं, असा एक फोटो मिळाला. मागे तारीख नाही, फक्त स्टुडिओचा शिक्का. 'ही आमची पहिली बॅच, १९७८ ची,' एक माजी विद्यार्थी ठामपणे सांगतात. उजवीकडच्या उंच मुलाला मात्र सगळेच ओळखतात. त्याचं नाव जनरल रजिस्टरमध्ये शोधावं. त्याचा आठवीचा प्रवेश जून १९७९ चा निघाला, तर फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. सांगणारे खोटं बोलत नसतात; पुढच्या बॅचबरोबर काढलेले दिवसही आठवणीत मिसळून गेलेले असतात. म्हणून साल रजिस्टरवरून घ्यावं आणि त्या दिवसांचा अनुभव माणसांकडून.

मुलाखतीत 'शाळेबद्दल काय वाटतं?' असं विचारलं की भाषण सुरू होतं. त्यापेक्षा तोच फोटो हातात द्यावा आणि विचारावं, 'या भिंतीच्या आत तेव्हा काय होतं?' मग उत्तर येतं : 'आत फरशी नव्हती. शनिवारी आम्ही मुली वर्ग सारवायचो, मुलं विहिरीवरून पाणी आणायची.' फिल्ममध्ये आपला प्रश्न कापला जाणार, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात द्यायची विनंती आधीच करून ठेवावी. नुसतं 'हो, होती ना' संकलनात कामाला येत नाही.

मुलाखती कागदावर उतरवून, प्रत्येक उपयोगी वाक्यापुढे मिनिट-सेकंद टाकले की मग संहितेला बसावं. पानाचे दोन भाग करायचे : डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज. आपल्या फोटोपाशी डावीकडे येईल, 'पूर्ण फोटो. कॅमेरा सावकाश भिंतीकडे.' उजवीकडे पहिल्या खर्ड्यात निवेदन असतं, 'प्रतिकूल परिस्थितीत विद्यार्थ्यांनी ज्ञानसाधना केली.' ते खोडून तिथं सारवणाचं वाक्य त्या बाईंच्याच आवाजात ठेवावं. निवेदकाला एवढंच सांगू द्यावं, 'भिंती उभ्या राहिल्या, फरशीला पैसे उरले नव्हते.' अर्थात, हे जमाखर्चाच्या वहीत सापडलं असेल तरच. वीस मिनिटांच्या फिल्मला निवेदनाचे पाच-सहाशे शब्द पुरतात. बाकीचा वेळ माणसांच्या बोलण्याचा आणि थोड्या शांततेचा.

स्थिर फोटोवरून कॅमेरा फिरवून गोष्ट सांगायची ही रीत जुनी आहे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानं १९५७ साली केलेल्या 'सिटी ऑफ गोल्ड' या माहितीपटात सोन्याच्या शोधानं गजबजलेलं डॉसन शहर अशाच फोटोंमधून उभं राहिलं आहे. त्यासाठी फोटो मात्र मोठा स्कॅन हवा. आठ इंच रुंदीचा ग्रुप फोटो ६०० डीपीआयनं स्कॅन केला, तर रुंदीत ४८०० पिक्सेल मिळतात. १९२० पिक्सेलच्या पडद्यावर मग अडीचपट जवळ गेलं तरी चेहरा फाटत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला तोच फोटो आकसलेला असतो. तिथं मूळ प्रतच मागून घ्यावी.

तरीही काही मुलं ना फोटोत असतात, ना मेळाव्याच्या यादीत. जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याचं कारण लिहायचा एक रकाना असतो. तिथं एखाद्या मुलीच्या नावापुढे नववीतच दाखला नेल्याची नोंद दिसते. निरोपाच्या फोटोत ती कशी असेल? अशा एक-दोघांना शोधून, त्यांची संमती घेऊन बोलतं करावं. यशस्वी माजी विद्यार्थ्यांच्या पाच मुलाखतींतली एक कमी झाली तरी चालेल.

शेवटी कच्ची फिल्म निवृत्त शिक्षकांना आणि शिपाईकाकांना समारंभाच्या निदान पंधरा दिवस आधी दाखवावी. नावं आणि सालं यांतल्या चुका तेच पकडतात, आणि तेव्हाच सांगितल्या तर दुरुस्तही होतात.