आना सान्तियागोला निघाली: पोर की पारा?

स्पॅनिश शिकणाऱ्याला एक प्रश्न हमखास भेटतो: गाळलेल्या जागी 'पोर' किंवा 'पारा' भरा. मराठी माणूस इथे अडतो तो बहुतेक आपल्या 'साठी'मुळे. 'आईसाठी साडी घेतली' आणि 'आईसाठी नोकरी सोडली', दोन्हीकडे आपण साठीच म्हणतो. स्पॅनिशमध्ये साडीला पारा लागतो, कारण ती आईच्या हातात पोचायची आहे. नोकरीला पोर लागतो, कारण ती सोडण्यामागे आई आहे. 'म्हणून'चंही तेच. 'पाऊस आला म्हणून थांबलो' यात कारण आहे, 'भिजू नये म्हणून थांबलो' यात हेतू, शब्द मात्र एकच. त्यामुळे वाक्याचं मराठी करून जागा भरायला गेलं तर उत्तर मिळत नाही.

मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये पाराचं रूप 'पोरा' असं होतं, म्हणजे पोरला दिशा दाखवणारा 'आ' जोडलेला. हे लक्षात ठेवलं की बरंच सोपं होतं. पारा पुढे कुठेतरी पोचतो: ठिकाणी, माणसापर्यंत, हेतूपर्यंत, ठरलेल्या मुदतीपर्यंत. पोर हा मागच्या कारणाचा, मधल्या वाटेचा आणि चाललेल्या वेळेचा.

आता एक उतारा घेऊ. स्पेनमधल्या गॅलिसियात सार्रिया गावातून अनेक यात्रेकरू सान्तियागो दे कोम्पोस्तेलाकडे चालत जातात. अंतर सुमारे 115 किलोमीटर. आपली आना त्यांच्यातली.

'आना साल्यो दे सार्रिया ____ सान्तियागो.' ती सार्रियाहून सान्तियागोला निघाली. सान्तियागो हा मुक्काम, म्हणून पारा. 'पासो ____ पोर्तोमारिन.' पोर्तोमारिन वाटेत लागलं, ती तिथून पुढे गेली, म्हणून पोर. इथे पारा भरला तर ती तिथेच जायला निघाली होती असं वाटू लागतं. (साधं 'जाणे' हे क्रियापद असेल तर स्पॅनिश माणूस बहुधा नुसता 'आ' वापरतो. पारा शोभतो तो 'निघणे'बरोबर.)

'येवाबा कोमिदा ____ दोस दियास.' तिच्याजवळ दोन दिवसांचं खाणं होतं. 'कामिनो ____ सिंको दियास.' ती पाच दिवस चालली. दोन्ही वाक्यांत दिवस आहेत, म्हणून इथे चुका फार होतात. खाणं पुढच्या दोन दिवसांना पुरायचं आहे, म्हणून पारा. पाच दिवस मात्र चालण्यातच गेले, म्हणून पोर. बोलताना स्पॅनिश लोक इथला पोर अनेकदा गाळतात किंवा 'दुरान्ते' म्हणतात, पण दोनच पर्याय असतील तर पोरच.

आता उताऱ्यातली सगळ्यात सुंदर जोडी. 'से लेवान्ताबा तेम्प्रानो ____ येगार प्रोन्तो आल आल्बेर्गे.' धर्मशाळेत लवकर पोचावं म्हणून ती पहाटे उठायची. 'उन दिया, ____ येगार तार्दे, नो एन्कोन्त्रो कामा.' एके दिवशी उशिरा पोचल्यामुळे तिला खाट मिळाली नाही. तिथल्या सार्वजनिक धर्मशाळांत साधारणपणे आधी येईल त्याला जागा मिळते, तेव्हा हे घडणारच. दोन्हीकडे 'येगार', म्हणजे पोचणे, हेच क्रियापद आहे. पहिल्यात पोचणं अजून व्हायचंय आणि उठणं त्याच्यासाठी आहे, म्हणून पारा. दुसऱ्यात पोचणं होऊन गेलं आणि त्याचं फळ भोगावं लागलं, म्हणून पोर. शंका आली तर गाळलेल्या जागेला प्रश्न विचारावा. 'पारा के?' म्हणजे 'कशाकरता?' आणि 'पोर के?' म्हणजे 'का, कशामुळे?' खाट का मिळाली नाही, हा प्रश्न बरोबर बसतो. कशाकरता मिळाली नाही, हे बसत नाही.

ही कसोटी एका ठिकाणी मात्र फसते. 'स्वातंत्र्यासाठी लढणे' यात स्वातंत्र्य पुढे असलं तरी स्पॅनिश 'लुचार पोर ला लिबेर्ताद' म्हणते. माणसाला आतून ढकलणारी ओढ ही भाषा कारणातच मोजते. मतदान एखाद्याला करणे, एखाद्याची चौकशी करणे, आभार मानणे यांतही पोर येतो आणि हे प्रयोग जसेच्या तसे पाठ करावेत.

शेवटच्या दोन जागा: 'कोम्प्रो उना कोंचा ____ सु पाद्रे' आणि 'इसो एल कामिनो ____ सु पाद्रे'. तिने वडिलांकरता यात्रेची खूण असलेला शिंपला घेतला. तो त्यांना द्यायचा आहे, म्हणून पारा. आणि ती यात्रा तिने वडिलांसाठी केली. यात्रा काही त्यांच्या हातात देता येत नाही. इथे पोर, आणि त्याचे दोन अर्थ निघतात: वडिलांच्या प्रेमापोटी, किंवा त्यांना चालवत नाही म्हणून त्यांच्या जागी ती चालली. कोणता ते उताऱ्यातलं पुढचं वाक्य सांगतं. गाळलेली जागा मात्र दोन्ही अर्थांत पोरनेच भरायची.