शेवटच्या ऑर्डरला किती मोजायचे?

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. खर्चाला मर्यादा घातली नाही तर पैसे पाण्यासारखे जातात, आणि घातली की जाहिरात दिसायचीच बंद होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण दुसरी बहुतेक वेळा मर्यादेचा आकडा चुकल्यामुळे घडते, आणि तो आकडा वहीपेन घेऊन काढता येतो.

आधी मर्यादा नेमकी कुठे लागते ते पाहू. कोणी इन्स्टाग्राम उघडले आणि जाहिरातीची जागा आली की त्या जागेसाठी क्षणार्धात लिलाव होतो. बोली आपल्या वतीने मेटाची यंत्रणा लावते. एका ऑर्डरसाठी आपली किती मोजायची तयारी आहे, याला ती समोरची व्यक्ती ऑर्डर देण्याच्या शक्यतेने गुणते आणि जाहिरातीचा दर्जाही त्यात धरते. समजा, ऑर्डरमागे २०० रुपये द्यायची तयारी आहे आणि अशा हजार जणांत एक जण खरेदी करील असा यंत्रणेचा अंदाज आहे. मग हजार वेळा दिसण्यासाठी आपली बोली २०० रुपयांची झाली. त्याच जागेवर दुसरा कोणी २५० द्यायला तयार असेल, तर आपली जाहिरात तिथे दिसत नाही.

मर्यादा नसेल तेव्हा यंत्रणेला एकच काम असते: दिवसाचे बजेट संपवून जास्तीत जास्त ऑर्डरी आणणे. स्वस्तात मिळणारी गिऱ्हाइके ती आधी उचलते, पण पैसे शिल्लक असेपर्यंत महागडीही घेत राहते. त्यावर लगाम घालायचे दोन मार्ग आहेत. बिड कॅप म्हणजे कोणत्याही एका लिलावात याच्यावर बोली लावायची नाही, अशी ताकीद. कॉस्ट कॅपचे ॲड्स मॅनेजरमधले आताचे नाव Cost per result goal. तिथे आपण सरासरी सांगतो: एखादी ऑर्डर महाग पडली तरी चालेल, पण सगळ्या मिळून सरासरी अमुक एका आकड्याच्या आसपास राहू दे. ती नेमकी तेवढीच राहील याची हमी मात्र मिळत नाही.

आता घरगुती कांदा-लसूण मसाला विकणाऱ्या एका व्यवसायाचा नमुना हिशेब मांडू. रोजचे बजेट ३,००० रुपये, मर्यादा नाही, दिवसाला १५ ऑर्डरी. म्हणजे सरासरी २०० रुपये. या सरासरीच्या पोटात काय आहे ते एरवी दिसत नाही. समजा, पहिल्या ५ ऑर्डरी प्रत्येकी १२० रुपयांना पडल्या, पुढच्या ५ प्रत्येकी १८० ला आणि शेवटच्या ५ प्रत्येकी ३०० ला. बेरीज बरोबर ३,०००.

इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. सरासरी २०० आहे, म्हणून ते बिड कॅपही २०० ठेवतात. ३०० च्या पाच ऑर्डरी लगेच गळतात, दहा उरतात, खर्च १,५०० वर येतो आणि सरासरी १५० होते. ‘बजेट अर्धेच संपते’ म्हणून मालक चिडतो, पण यंत्रणेने सांगितले तेवढेच केलेले असते. हाच २०० चा आकडा कॉस्ट कॅपमध्ये घातला असता तर पंधराच्या पंधरा ऑर्डरी आल्या असत्या, कारण तिथे स्वस्त ऑर्डरींची बचत महागड्यांसाठी वापरता येते. कॉस्ट कॅप १८० केली तरी बारा ऑर्डरी येतात: आधीच्या दहा आणि महागड्यांपैकी दोन, सरासरी १७५ रुपये.

मग आकडा कुठून काढायचा? जुन्या सरासरीवरून नव्हे, आपल्या नफ्यावरून. माल, पॅकिंग आणि कुरियर वजा जाता पोचलेल्या पार्सलमागे ३६० रुपये उरतात असे धरू. पण यातली बरीच पार्सले कॅश ऑन डिलिव्हरीची असतात आणि काही दारातूनच परत येतात. जाहिरातीच्या अहवालात मात्र ती ऑर्डर म्हणूनच मोजलेली असतात. दहांतली आठ पोचली तर २,८८० रुपये मिळाले. परत आलेल्या दोन पार्सलांवर जाण्यायेण्याचे प्रत्येकी १२० गेले, म्हणजे २४०. उरले २,६४०. अहवालातल्या एका ऑर्डरीमागे आपण फार तर २६४ रुपये देऊ शकतो. त्यापुढची प्रत्येक ऑर्डर तोट्याची.

आता वरच्या पंधरा ऑर्डरींकडे पुन्हा पाहा. सरासरी २०० असल्यामुळे सगळे आलबेल वाटत होते, पण शेवटच्या पाचांवर प्रत्येकी ३६ रुपये बुडत होते. बिड कॅप २६४ ठेवली तर त्या पाच जातात, दिवसाचा नफा मात्र ९६० वरून १,१४० रुपयांवर जातो. म्हणून बिड कॅपचा आकडा शेवटच्या ऑर्डरीला परवडणाऱ्या किमतीवरून ठरवावा, सरासरीवरून नाही. बजेट न संपणे हे इथे योग्य निर्णयाचे लक्षण आहे. जास्त गिऱ्हाइके जोडणे हेच उद्दिष्ट असेल आणि थोडा नफा सोडायची तयारी असेल, तर कॉस्ट कॅप बरी.

गळा खरोखर आवळला जातो तो यापेक्षा खाली गेल्यावर. ‘१५० च्या वर एक पैसा नाही’ असे म्हणून तेवढीच बिड कॅप लावली, तर आपल्या हिशेबात दिवसाला ५ ऑर्डरी उरतात, आठवड्याला ३५. मेटाच्या यंत्रणेला शिकून स्थिर व्हायला आठवड्याला साधारण ५० ऑर्डरी लागतात. त्याहून कमी आल्या तर ॲड सेटपुढे Learning limited अशी सूचना येऊ शकते. मग कोण खरेदी करील याचे अंदाज कच्चे राहतात, बोली चुकत जाते आणि त्या पाच ऑर्डरीही टिकतील याचा भरवसा नसतो.

म्हणून मर्यादा पहिल्याच दिवशी लावू नये. आधी एक-दोन आठवडे मोकळे चालू द्यावे. आकडे पाहताना शेवटचे दोन-तीन दिवस सोडून द्यावेत, कारण आज क्लिक करणारा परवाही ऑर्डर देतो आणि ताजी सरासरी वाजवीपेक्षा महाग दिसते. कॉस्ट कॅप चालू सरासरीएवढी किंवा किंचित वर ठेवून सुरुवात करावी. मग दहा टक्क्यांच्या आसपास एकेक पायरी उतरावी आणि प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबावे. रोज सकाळी आकडा बदलायची सवय फार नुकसान करते, कारण मोठा बदल झाला की शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

खर्च अचानक आटला तर दोष मर्यादेचाच आहे का, हे तपासता येते. मर्यादा दहा-वीस टक्के वाढवून काही दिवस पाहावे. खर्च हलला तर आकडा घट्ट होता. हलला नाही तर अडचण जाहिरातीत किंवा निवडलेल्या गिऱ्हाइकांत आहे. जाहिरातीचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बोलीच्या गुणाकारातली दुसरी बाजू तिच्या हातात असते. नवा व्हिडिओ पाहून हजारात एकाऐवजी दीड जण खरेदी करू लागला, तर १५० रुपयांच्या मर्यादेतही हजार वेळा दिसण्याची बोली २२५ होते. जुन्या जाहिरातीला २०० च्या मर्यादेतही एवढी बोली लावता येत नव्हती.

नवरात्र ते दिवाळी या काळात आणखी एक गोष्ट घडते. सगळे मोठे विक्रेते लिलावात उतरतात, जागा महागतात आणि सप्टेंबरमध्ये छान चाललेली मर्यादा एकाएकी मुकी होते. अशा वेळी २६४ चा हिशेबच नव्याने मांडावा. सणाला लोक एकाऐवजी तीन पाकिटे घेत असतील तर पार्सलमागे उरणारे पैसे वाढलेले असतात आणि मर्यादा तेवढी वर नेता येते. तसे नसेल, तर त्या काळात खर्च कमी होऊ द्यावा आणि आकड्याला हात लावू नये.