नगरसेवक नव्हते तेव्हा काय झालं?

स्थानिक स्वराज्य संस्था लोकशाहीत का महत्त्वाच्या, हा प्रश्न मुलाखतीत आला की उमेदवाराला हायसं वाटतं. बलवंतराय मेहता समिती, 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती, अकराव्या अनुसूचीतले 29 विषय, सगळं तोंडपाठ असतं. दीड मिनिटात तो मोकळा होतो. पण पॅनेलवरची मंडळी हेच उत्तर सकाळपासून ऐकत असतात. मग एखादा सदस्य चष्मा वर सारत विचारतो, "बरं, या संस्था नसत्या तर काय अडलं असतं?" पाठांतर इथे थांबतं.

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्या उमेदवाराच्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. प्रभागांची संख्या आधी 227 वरून 236 आणि नंतर पुन्हा 227 करण्यात आली. निवडणुका लांबत गेल्या. ठाणे, पुणे, नागपूर आणि बहुतेक जिल्हा परिषदांतही प्रशासकच होते. मुंबईत मतदान झालं ते थेट जानेवारी 2026 मध्ये. घटनेच्या कलम 243 यू नुसार पालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. पालिका बरखास्त झाली तरी सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. इथे जवळजवळ चार वर्षं गेली.

तेव्हा पहिलं उत्तर असं देता येईल: "सर, मुंबईचा अर्थसंकल्प एरवी आयुक्त स्थायी समितीपुढे मांडतात. समिती त्यात फेरफार करते, मग तो सभागृहात जातो आणि तिथे नगरसेवक आपल्या प्रभागातलं नाला, दवाखाना, शाळा असं मागतात. फेब्रुवारी 2023 मध्ये अतिरिक्त आयुक्तांनी बावन्न हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प प्रशासकांना, म्हणजे आयुक्तांनाच सादर केला. स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे आणि सभागृहाचेही. म्हणजे प्रशासन मांडणार आणि प्रशासनच मंजूर करणार. यात कोणाचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण 'हा रस्ता आधी की तो दवाखाना' यावर उघड वाद व्हायची जागाच उरली नाही. स्थानिक संस्था मला महत्त्वाची वाटते ती या वादासाठी."

या उत्तरात घटनेचं एकही कलम नाही, तरी उमेदवाराला कलम ठाऊक आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. कलम विचारलं तर सांगावं. न विचारता सांगितलेल्या कलमाचे गुण मिळतात, असं मला तरी दिसलेलं नाही.

यावर उलटा प्रश्न येणारच: "प्रशासक असताना रस्ते झाले, पूल झाले. भांडणं कमी, काम जास्त. तोटा काय?" इथे घाबरून "नाही सर, लोकशाही हवीच" म्हणणारा फसतो. निम्मं मान्य करावं: "बरोबर आहे, सर. ठरलेलं काम वेगाने पुरं करणं प्रशासकाला सोपं जातं. पण कोणतं काम आधी, हे ठरवणं वेगळं. वस्तीत पाणी येत नसेल तर बाई नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन ठिय्या देते, कारण पुढच्या निवडणुकीत तिचं मत त्याला हवं असतं. विभाग कार्यालयातला अभियंता चांगला असला तर ऐकतो, नसला तर नाही. आणि त्याची बदली तिच्या हातात नसते."

सदस्य खेड्याकडेही वळतात. "डॉ. आंबेडकरांचाच ग्रामपंचायतींवर विश्वास नव्हता, मग तुम्ही कशाला बाजू घेता?" प्रश्न खोचक आहे आणि त्यामागे तथ्य आहे. नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचा गौरव करणाऱ्यांवर कडक टीका केली होती. त्यांच्या लेखी गाव म्हणजे संकुचितपणा आणि जातीयता. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्वांत आला, तो आजचं कलम 40. उमेदवाराने हा आक्षेप पुसून टाकू नये. "मॅडम, त्यांचा आक्षेप खरा होता, म्हणूनच 73व्या दुरुस्तीने गावाच्या भलेपणावर भिस्त ठेवली नाही. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा राखून दिल्या. महाराष्ट्रात महिलांसाठी निम्म्या आहेत. पण जागा मिळाली म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही. सही सरपंचबाईंची आणि निर्णय त्यांच्या यजमानांचा, हे आजही घडतं. म्हणून ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद मला मोलाची वाटते. तिथे यजमान नसतात, निदान नसायला हवेत."

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि इथे बहुतेकांची दांडी उडते. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी निवडून आलेली संस्था असण्याची अट घातली. निवडणूक लांबली की केंद्राचा हप्ता अडतो. शिवाय 2021 ते 2026 या काळात अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेल्या 40 टक्क्यांवरच गावाची मर्जी चालत होती. यातून नेमकं उत्तर निघतं: "सर, विषय 29 असले तरी कलम 243 जी मध्ये राज्य विधिमंडळ अधिकार 'देऊ शकेल' असं म्हटलंय, 'देईल' असं नाही. त्यामुळे किती विषय, किती माणसं आणि किती पैसा खाली उतरवायचा, हे राज्य ठरवतं. ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. आणि शेजाऱ्याकडून, नातलगाकडून घरपट्टी वसूल करायला सरपंच कचरतो, कारण मतंही त्याच्याकडूनच घ्यायची असतात." शेवटचं वाक्य पुस्तकात मिळणार नाही. गावात राहिलेल्याला मात्र ते कोणी शिकवावं लागत नाही.

म्हणून तयारीचं एक काम पुस्तकाबाहेरचं. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन घरपट्टीची मागणी किती आणि वसुली किती हे विचारावं. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचा विकास आराखडा उघडून त्यातलं एखादं काम जागेवर जाऊन पाहावं. गेल्या ग्रामसभेला किती जण होते, हेही कळलं तर उत्तम. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी संख्या. ती भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने पुढची सभा मोजक्या माणसांत उरकते. पॅनेलने "ग्रामसभा यशस्वी आहे का?" विचारलं तर हे सांगावं. संस्थेचा दोष सांगणारा उमेदवार त्या संस्थेच्या विरोधात आहे असं कोणी धरत नाही.

शेवटी बहुधा हा प्रश्न येतो: "उद्या तुम्हालाच प्रशासक नेमलं तर?" अनेकजण "लोकाभिमुख कारभार करीन" म्हणून सुटायला पाहतात. त्यापेक्षा: "मोठ्या खर्चाचा प्रस्ताव मंजुरीआधी प्रभागात जाहीर करीन आणि हरकती लेखी मागवीन. माजी नगरसेवकांच्या शेवटच्या वर्षातल्या मागण्या काढून त्यांतली किती कामं झाली ते पाहीन. दीर्घ मुदतीचे, पुढच्या सभागृहाला बांधून टाकणारे करार टाळता येतील तेवढे टाळीन. आणि मतदार यादी, प्रभागरचना यांत आमच्या कार्यालयाकडून जे काम असेल ते एक दिवसही अडू देणार नाही, म्हणजे माझी खुर्ची लवकर रिकामी होईल."