भाऊबीज रविवारी असेल, तर पाक, तळण आणि बासुंदीचा क्रम कसा लावायचा?

भाऊबीज रविवारी आहे, दुपारी बारा-पंधरा माणसं जेवायला येणार आणि हाताशी आहे फक्त शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार. रव्याचे लाडू, शंकरपाळे, गुलाबजाम आणि बासुंदी असा बेत ठरलाय. मग सुरुवात कशापासून करायची?

बरेच जण शनिवारी सकाळी आधी कढई चढवतात. पण सुरुवात खरं तर लाडवांपासून करायला हवी, तीही शुक्रवारी रात्री. कारण पाकातल्या लाडवांना वेळ लागतो तो मुरायला. रवा तुपात भाजून एकतारी पाकात घातला की मिश्रण आधी पातळच दिसतं. काही तासांत रवा पाक शोषून घेतो आणि मिश्रण वळण्याजोगं होतं. हे काम रात्री झाकून ठेवलेल्या पातेल्यात आपोआप होतं. सकाळी मिश्रण कोरडं, भुरभुरीत झालं असेल, तर पाक जास्त पुढे गेलाय असं समजा. गरम दुधाचा हबका मारला की लाडू वळतात, पण मग ते फार दिवस टिकत नाहीत.

शनिवारी लाडू वळून झाले की तळण. इथे गुलाबजामची अडचण येते, कारण तो खव्याचा, तळलेला आणि पाकातलाही. तो आधी तळावा. तेल किंवा तूप स्वच्छ असतं, आणि शंकरपाळ्यांचं पीठ कढईच्या तळाशी जाऊन जळलं की त्याचे काळे कण गुलाबजामला चिकटतात. आच मंदच हवी. बाहेरून पटकन लाल झाला, तर आत गाठ राहते आणि तिथे पाक पोहोचत नाही. पहिला गुलाबजाम कापून बघितला की लगेच कळतं.

लाडवांचा उरलेला पाक गुलाबजामला चालेल का? तसाच नाही. गुलाबजामला तार न आलेला, नुसता बोटांना चिकट लागणारा पाक लागतो. साखर आणि पाणी समप्रमाणात. पाक गरम हवा, पण उकळता नको, नाहीतर गुलाबजाम सुरकुततात. चार-पाच तास मुरले की फ्रिजमध्ये ठेवा आणि रविवारी वाढताना पुन्हा गरम करा.

त्याच कढईत मग शंकरपाळे. ते पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, आतल्या वाफेने मऊ पडतात.

बासुंदी मात्र रविवारी सकाळी. दोन लिटर दूध आटून निम्मं व्हायला तासाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कुणीतरी तळाशी ढवळत उभं राहावं लागतं (हे काम कुणाचं, हे शनिवारीच ठरवलेलं बरं). साखर शेवटी घाला, कारण आधी घातली तर दूध तळाला लवकर लागतं. बासुंदी शनिवारी रात्री करून फ्रिजमध्ये ठेवली तरी चालते. फक्त दुधाचा पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त ओट्यावर राहू देऊ नका. पाहुण्यांना उशीर होणार असेल, तर पातेलं परत फ्रिजमध्ये ठेवा.